सात लाखांचा आकडा कुठून आला?

*मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात अकरा वर्षे किराणा दुकान चालवतो. रोजचा गल्ला सरासरी १२,००० रुपये, सोमवार बंद. दुकान भाड्याचे आहे. डीप फ्रीझर, नवे रॅक आणि बिलिंग मशीन घ्यायचे आहे, दिवाळीआधी माल भरायचा आहे आणि मेहुण्याकडून घेतलेले एक लाख परत करायचे आहेत. म्हणून बँकेत सात लाखांचे कर्ज मागितले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "व्यवसायाचा इतिहास, परतफेडीची क्षमता आणि पैशाचा वापर दाखवणारे व्यवस्थित सादरीकरण घेऊन या." जीएसटी नंबर नाही. विवरणपत्रे तीन वर्षांची आहेत, पण गेल्या वर्षीच्या पत्रात उलाढाल २४ लाख आणि उत्पन्न २ लाख ५ हजार दाखवले आहे. गाडीचा २,३०० रुपयांचा हप्ता अजून चौदा महिने आहे. पतसंस्थेत अठरा महिन्यांपासून रोज २५० रुपयांची पिग्मी भरतो. सादरीकरणात काय लिहावे, कसे लिहावे?*
*— एक दुकानदार*

सप्रेम नमस्कार.

बँकेच्या कर्ज विभागात मी सत्तावीस वर्षे काढली. त्या काळात माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक अर्जांत एकच उणीव असे. मागितलेली रक्कम आणि तिच्यामागचा हिशेब यांची गाठ कुठेच पडत नसे. म्हणून कागद कसा सजवावा हे नंतर पाहू. आधी तुमचे सात लाख मोडून त्यात काय काय आहे ते पाहू, कारण मॅनेजरही पहिल्यांदा तेच करणार आहेत.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गरजा एका रकमेत बांधल्या आहेत. फ्रीझर, रॅक आणि बिलिंग मशीन या वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तू आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी चार-पाच वर्षांत फिटणारे मुदत कर्ज योग्य. दिवाळीचा माल भाद्रपद-आश्विनात भरला जातो आणि कार्तिक संपेपर्यंत त्याचे पैसे गल्ल्यात परत आलेले असतात. अशा दोन-अडीच महिन्यांच्या गरजेसाठी पाच वर्षे हप्ता भरत राहणे तोट्याचे आहे. तिच्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे जितके उचलाल आणि जितके दिवस वापराल तितक्याचेच व्याज लागणारे खाते, हाच मार्ग आहे. मेहुण्यांचे एक लाख मात्र अर्जातून पूर्णपणे काढून टाका. व्यवसायासाठी दिलेल्या कर्जातून घरातील उसनवारी फेडणे बँकेच्या दृष्टीने निधीचा गैरवापर ठरतो. ते "किरकोळ खर्च" अशा नावाखाली लपवले, तर कागदांत जे मोघम असते त्यावरच पहिले बोट ठेवले जाते. तरीही ती देणी आहेत हे सादरीकरणात एका वाक्यात सांगा आणि मेहुण्यांनी मुदत दिली असल्यास तीही लिहा. विचारण्याआधी तुम्हीच सांगितलेली देणी तुमच्याविरुद्ध जात नाहीत, पण नंतर उघड झालेली जातात.

आता परतफेडीच्या क्षमतेचा हिशेब करू. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे १२,००० धरले की विक्री होते ३,१२,००० रुपये. किराण्यात तेल-साखरेवर फारच थोडे सुटते, सुट्या डाळी, मसाले, साबण आणि बिस्किटांवर त्याहून जास्त. सगळे मिळून तुम्हाला १३ टक्के सुटतात असे मी येथे धरतो. तुम्ही मात्र ही टक्केवारी स्वतःच्या खरेदीच्या बिलांवरून काढा, कारण मॅनेजर ती तुम्हाला तोंडी विचारतील आणि उत्तर अडखळत आले तर पुढचे सगळे आकडे संशयात जातील. १३ टक्क्यांनी ४०,५६० रुपये हातात येतात. त्यातून दुकानभाडे ६,०००, वीज २,०००, मदतनिसाचे ५,००० आणि वाहतूक-पॅकिंगचे २,५०० मिळून १५,५०० वजा केले की सुमारे २५,००० उरतात. घरखर्च १५,००० आणि गाडीचा हप्ता २,३०० काढल्यावर शिल्लक राहतात ७,७०० रुपये. भाडे, खर्च आणि घरखर्च हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तेथे तुमचे खरे आकडे घाला. पायऱ्या मात्र याच ठेवा.

या ७,७०० समोर सात लाखांचा हप्ता ठेवून पाहा. व्याजदर ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर लाखाला महिन्याला साधारण २,१७४ रुपये पडतात, म्हणजे सात लाखांना सुमारे १५,२२०. हाती असलेल्या रकमेच्या हे जवळजवळ दुप्पट आहे. मॅनेजरांनी "सादरीकरण घेऊन या" म्हटले ते बहुधा याच कारणाने. तुम्ही दिलेल्या तोंडी आकड्यांवर त्यांनी मनातल्या मनात हीच वजाबाकी केली असणार.

मग किती मागावे? वस्तूंची कोटेशने मिळून समजा दोन लाख होतात. त्यातला वीस टक्के भाग, म्हणजे ४०,००० रुपये, तुमचा असावा आणि १,६०,००० चे मुदत कर्ज मागावे. त्याचा हप्ता ३,४८० रुपयांच्या आसपास येतो. मालासाठीचा हिशेब थोडा बारकाईने करावा लागेल. तुमचा घाऊक व्यापारी पंधरा दिवसांच्या वायद्यावर माल देतो आणि महिन्याला १,६०,००० चा माल असा उधारीने येतो असे धरू. म्हणजे कोणत्याही दिवशी त्याचे ८०,००० तुमच्याकडे बाकी असतात. रोखीने घेतल्यास तो २ टक्के सूट देत असेल, तर महिन्याला ३,२०० रुपये वाचतील, तर त्या ८०,००० वर बँकेचे व्याज सुमारे ७३३ रुपये होईल. हा एकच हिशेब कागदावर नीट मांडला, तरी पैशाच्या वापराचे निम्मे उत्तर झाले. या ८०,००० मध्ये सणाच्या वाढीव मालाचे १,९०,००० मिळवले की गरज होते २,७०,०००. तिच्यापैकी साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ७०,०००, तुमचा आणि उरलेल्या दोन लाखांचे कॅश क्रेडिट. संपूर्ण रक्कम वर्षभर उचललेली राहील असे कठोरपणे धरले, तरी व्याज महिन्याला १,८३३ रुपये.

दोन्ही मिळून महिन्याचा बोजा ५,३१३ रुपये आणि त्यासमोर तुमचे ७,७००. बँकेच्या भाषेत हे प्रमाण १.४५ झाले. हप्त्याच्या प्रत्येक रुपयामागे हाती दीड रुपया असावा अशी कर्ज विभागाची साधारण अपेक्षा असते, आणि तुम्ही तिच्या जवळ पोहोचता. हेच कॅश क्रेडिट तीन लाखांचे मागितले असते तर प्रमाण १.२४ वर आले असते. गल्ल्याला एक वाईट महिना लागला की असा हप्ता डळमळतो. चौदा महिन्यांनी गाडीचा हप्ता सुटेल तेव्हा तेच दोन लाख अधिक सुरक्षित होतील आणि प्रमाण १.८८ होईल. त्या वेळी मर्यादा वाढवून मागता येईल, आणि तसे सादरीकरणात आत्ताच लिहून ठेवणे चांगले.

मॅनेजर कदाचित स्वतःहून म्हणतील की उलाढालीच्या मानाने तुम्ही कमीच मागता आहात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने सुचवलेल्या रीतीनुसार लहान उद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या वीस टक्क्यांपर्यंत खेळते भांडवल देता येते, आणि त्या मापाने तुमचा आकडा सात लाखांच्याही पुढे जातो. ते माप बँकेच्या सोयीचे आहे. तुमच्या घरात शिल्लक किती उरते हे त्यात मोजले जात नाही. तुम्ही आपल्या वजाबाकीवर ठाम राहा.

तर मागणी होते ३,६०,००० रुपये. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ही रक्कम किशोर गटात बसते, म्हणजे ५०,००० च्या वर आणि ५ लाखांपर्यंत. या कर्जाला वेगळे तारण द्यावे लागत नाही. कर्जातून घेतलेल्या वस्तू आणि दुकानातील माल बँकेकडे नजरगहाण राहतो. मुद्रा कर्ज मिळवून देतो असे सांगून टक्केवारी मागणारे लोक तालुक्याच्या गावांत फिरतात. या योजनेत मध्यस्थ नेमलेलेच नाहीत, त्यामुळे अशा कोणाच्या हाती कागद देऊ नका.

आता ज्या जागी तुमचा अर्ज खरोखर अडण्याची शक्यता आहे तेथे येतो. वर मांडलेला सगळा हिशेब वर्षाला ३७,४४,००० च्या विक्रीचा आहे, आणि तुमच्या विवरणपत्रात २४ लाख आहेत. बँक विवरणपत्रातला आकडा धरते. त्यातील २ लाख ५ हजार म्हणजे महिन्याला १७,०८३ रुपये. घरखर्चाचे १५,००० गेले की उरतात २,०८३, आणि तेवढ्यात तुमचा गाडीचा हप्तासुद्धा भागत नाही. तोंडाने सांगितलेल्या हिशेबानुसार तुम्ही कर्जास पात्र आहात आणि सहीनिशी दिलेल्या कागदानुसार नाही. ही दरी सादरीकरणातील कोणत्याही सुंदर तक्त्याने झाकता येणार नाही.

मला याचे वाईट वाटते, कारण उलाढाल कमी दाखवून तुमचा आयकराचा एक रुपयाही वाचलेला नाही. लहान व्यापाऱ्यासाठी जी अनुमानित उत्पन्नाची पद्धत आहे, तिच्यात रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के इतके तरी उत्पन्न दाखवावे लागते. ३७,४४,००० च्या ८ टक्क्यांनी २,९९,५२० होतात, म्हणजे तुमच्या महिना २५,००० च्या खऱ्या नफ्याइतकेच. नव्या करप्रणालीत इतक्या उत्पन्नावर आयकर शून्यच येतो. भीतीपोटी किंवा कोणाच्या सांगण्यावरून दाखवलेल्या लहान आकड्याने तुमची कर्ज घेण्याची पात्रता मात्र कमी केली. या वर्षीचे विवरणपत्र खऱ्या आकड्यांनी भरा आणि मागील वर्षांचे काय करावे हे करसल्लागाराला विचारून ठरवा. उलाढाल एकदम इतकी वाढलेली दिसली की मॅनेजर कारण विचारतीलच. तेव्हा घाऊक व्यापाऱ्यांची वर्षभराची खरेदीची बिले आणि यूपीआयच्या जमा रकमांचा बारा महिन्यांचा उतारा समोर ठेवा आणि मागच्या वेळी रोखीची काही विक्री नोंदली गेली नव्हती हे सरळ सांगा. बँकेसाठी एक वही आणि आयकरासाठी दुसरी, असा मार्ग तुम्हाला कोणी सुचवला तर त्याचे ऐकू नका. कर्ज बुडीत जायच्या वाटेवर असताना हीच दुसरी वही माणसाला सर्वांत महागात पडलेली मी पाहिली आहे.

जीएसटीचा प्रश्नही येथेच सोडवावा लागेल. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बहुतेक दुकानदारांना ठाऊक असते. पण आइस्क्रीम, पानमसाला किंवा तंबाखूचे पदार्थ विकणाऱ्याला ही ४० लाखांची सवलत मिळत नाही आणि त्याच्यासाठी मर्यादा २० लाखांचीच राहते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुकानात बिडी-तंबाखू असेल तर हा प्रश्न आजचाच आहे. नसेल, तर तुमच्या नव्या फ्रीझरमध्ये दूध-पनीर ठेवायचे की आइस्क्रीमही, यावर नोंदणीचा निर्णय अवलंबून आहे. तेव्हा बँकेत जाण्याआधी करसल्लागाराकडे जा. नोंदणी घ्यावी लागलीच, तर लहान व्यापाऱ्यासाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत करपात्र विक्रीवर १ टक्का कर भरावा लागतो आणि तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. तुमची करपात्र विक्री पंचवीस लाख धरली तर वर्षाला २५,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २,००० रुपये झाले. हा खर्च परतफेडीच्या तक्त्यात दाखवला नाही, तर तुमचा १.४५ चा आकडा खोटा ठरेल. दाखवल्यावर शिल्लक ५,७०० च्या आसपास येते आणि प्रमाण खूपच घटते. तेव्हा रोखीच्या खरेदीवर वाचणारे ३,२०० रुपये व्यापाऱ्याच्या सूट दाखवणाऱ्या बिलासह उत्पन्नाच्या बाजूला मांडा, म्हणजे तोल पुन्हा सावरतो. जी बचत कागदाने सिद्ध होते तेवढीच धरा. फ्रीझर आला की विक्री वाढेल, हे खरे असले तरी ती वाढ हप्त्याच्या आधाराला वापरू नका. हप्ता आजच्या गल्ल्यातून फिटतो हे दाखवा आणि वाढीव विक्री वेगळ्या ओळीत, "अपेक्षित" असे लिहून ठेवा.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्याकडे तुम्ही स्वतःच फारसे लक्ष दिलेले दिसत नाही, त्या पिग्मीकडे येतो. रोज २५० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६,५०० रुपये तुम्ही अठरा महिने बाजूला काढत आहात. वर आपण काढलेला महिन्याचा बोजा ५,३१३ रुपयांचा आहे. म्हणजे बँक तुमच्याकडून जेवढे मागणार आहे त्याहून जास्त रक्कम तुम्ही दीड वर्ष, कोणी सक्ती न करता, गल्ल्यातून काढून दाखवली आहे. परतफेडीच्या क्षमतेचा यापेक्षा चांगला पुरावा लहान दुकानदाराकडे क्वचितच असतो. एकदा एक बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. विवरणपत्र नव्हते, हिशेबाची वही अर्धवट होती, पण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पिग्मीची चार पुस्तके होती. मी ती उलटून पाहिली. एजंटच्या बारीक सह्यांच्या रांगा होत्या आणि आषाढातले मंदीचे दिवससुद्धा सुटलेले नव्हते, फक्त तेव्हा शंभराच्या जागी चाळीस रुपये होते. त्यांना लहानसे कर्ज आम्ही दिले ते त्या पुस्तकांवर. तुम्हीही पतसंस्थेकडून खातेउतारा शिक्क्यासह घ्या आणि महिनावार बेरजा एका तक्त्यात लिहा. ज्या महिन्यात कमी भरले असेल त्याचे कारण समोर लिहा. शिवाय अठरा महिन्यांचे हे १,१७,००० रुपये म्हणजेच तुमचा स्वतःचा हिस्सा आहे. वस्तूंसाठीचे ४०,००० आणि मालासाठीचे ७०,००० मिळून १,१०,००० लागतात, ते येथून येतील. कर्ज मंजूर झाल्यावर पिग्मी बंद करून तेच पैसे हप्त्याकडे वळतील हे स्पष्ट लिहा, नाहीतर तुम्ही दोन्ही कसे भागवणार, असा प्रश्न येईल.

सादरीकरणाचे रूप साधे ठेवा. प्रोजेक्टर, रंगीत स्लाइड, दुकानाचे कौतुक करणारी प्रस्तावना यांची गरज नाही. तुम्ही ज्या मॅनेजरांपुढे बसाल, मंजुरीचा अधिकार त्यांच्याकडे असेलच असे नाही. अनेक बँकांत प्रस्ताव दुसऱ्या शहरातील कर्ज केंद्राकडे जातो आणि तेथील अधिकाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेले नसते. म्हणून तुम्ही समोर नसतानाही बोलू शकतील असे चार-पाच टंकलिखित कागद तयार करा. पहिल्या पानावर सगळे यावे, आणि ते असे असले तर पुरे:

"मी अकरा वर्षांपासून या गावात किराणा दुकान चालवतो. दुकानासाठी १,६०,००० रुपयांचे पाच वर्षांचे मुदत कर्ज व २,००,००० रुपयांचे कॅश क्रेडिट मिळावे, ही विनंती. माझा स्वतःचा हिस्सा १,१०,००० रुपये असून तो पतसंस्थेतील पिग्मी खात्यात जमा आहे. दोन्हींचा मिळून मासिक बोजा सुमारे ५,३१३ रुपये होतो. सध्याच्या विक्रीतून सर्व खर्च, घरखर्च व चालू हप्ता वजा जाता मासिक शिल्लक ७,७०० रुपये आहे. तपशील पुढील पानांवर व पुरावे सोबत जोडले आहेत."

यातील प्रत्येक आकडा मागच्या कोणत्या कागदावर आहे हे त्याच्याशेजारी कंसात पानक्रमांकाने द्या. जीएसटी नोंदणी घेतली असेल तर ७,७०० च्या जागी त्या कराचा आणि रोखीच्या सुटीचा हिशेब धरून आलेला आकडा लिहा.

व्यवसायाच्या इतिहासाला एक पान पुरेल. दुकान कोणत्या साली सुरू केले, तेव्हा भांडवल किती आणि कुठून आणले, कोणत्या वर्षी काय वाढवले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणते वर्ष वाईट गेले आणि त्यातून कसे बाहेर आलात. २०२० च्या टाळेबंदीत किराणा दुकाने सुरू होती, पण अनेकांची उधारी थकली. तुमचे तसे झाले असेल तर लिहा आणि त्यातील किती वसूल झाली तेही लिहा. अकरा वर्षांत एकही अडचण आली नाही असे लिहिणाऱ्यावर मी तरी कधी विश्वास ठेवला नाही. ग्राहकांकडील आजची उधारी तीन महिन्यांच्या आतली आणि त्याहून जुनी अशी वेगळी दाखवा. जुनी उधारी मालमत्ता म्हणून बँक धरत नाही, आणि ती तुम्ही स्वतःहून बाजूला काढली की उरलेल्या आकड्यावर विश्वास बसतो.

शॉप ॲक्टचा कागद, उद्यम नोंदणी, अन्नपरवाना आणि भाडेकरार यांच्या प्रती शेवटी जोडा. यांपैकी भाडेकराराकडे एकदा नीट पाहा. अकरा महिन्यांचा करार आणि पाच वर्षांचे कर्ज यांचा मेळ बसत नाही. शक्य असेल तर मालकाशी बोलून जास्त मुदतीचा नोंदणीकृत करार करा. ते जमत नसेल तर आजवरचे सगळे करार ओळीने लावा, म्हणजे जागा अकरा वर्षांत बदललेली नाही हे दिसेल. कोटेशन नावाजलेल्या, जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचे घ्या, कारण वस्तूंचे पैसे बँक तुमच्या हाती न देता सहसा थेट त्याच्या खात्यात भरते. फ्रीझरच्या कोटेशनवर मॉडेल आणि लिटरमधील क्षमता लिहिलेली असावी. रॅक स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर मोजमापासह अंदाजपत्रक घ्या.

अर्ज देण्यापूर्वी स्वतःचा पतअहवाल काढून पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा तो विनामूल्य देते. गाडीचा एखादा हप्ता उशिरा गेला असेल तर तो तेथे दिसेल. अशा वेळी बँकेला तो सापडण्याआधी तुम्ही सादरीकरणात तारीख आणि कारण लिहिले, तर विषय तेथेच संपतो. अहवालात तुमचे नसलेले कर्ज दिसले तर आधी तक्रार करून ते दुरुस्त करून घ्या, अर्ज महिनाभर थांबला तरी चालेल.

दुकानातील क्यूआर कोड कोणत्या खात्याला जोडलेला आहे? तो दुसऱ्या बँकेच्या किंवा पत्नीच्या खात्याला जोडलेला असेल, तर ज्या बँकेकडे कर्ज मागता तिला तुमची विक्री दिसतच नाही. आजच तेथे चालू खाते उघडून कोड बदला आणि रोखीचा गल्लाही एक दिवसाआड त्याच खात्यात भरत जा. तीन महिने असे चालले की खात्याचा उतारा तुमच्या वतीने बोलेल. कॅश क्रेडिट मिळाल्यावरही विक्री त्याच खात्यातून फिरली पाहिजे. मर्यादा दोन लाखांपर्यंत उचलून वर्षभर तशीच ठेवली आणि खात्यात फक्त व्याज भरले, तर नूतनीकरणाच्या वेळी तीच बँक हात आखडता घेईल.

कागद दिल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत मॅनेजर किंवा त्यांचा अधिकारी दुकान पाहायला येईल, आणि बरेचदा न सांगता. तो मोजणी करणार नाही, पण मालाचा साठा २,८०,००० लिहिला असेल तर तेवढा दिसतो का हे त्याला पाच मिनिटांत कळते. मी नेहमी सर्वांत मागच्या फळीवरची बिस्किटे आणि मसाल्यांची पाकिटे उलटून तारखा पाहत असे. मुदत संपलेला माल फळीवर असेल तर साठ्याच्या आकड्यातला तेवढा भाग माझ्या दृष्टीने शून्य होता आणि दुकानदाराच्या हिशेबाबद्दलही मला शंका येई. सादरीकरण देण्याआधी एक सोमवार काढून सगळा माल खरेदीच्या किमतीने मोजा, मुदत संपलेला बाजूला करा, आणि त्या दिवसाची तारीख घालून यादी जोडा. उधारीची वही गल्ल्याजवळ हाताशी ठेवा, कारण ती मागितली जाते. आणि त्या वेळी शोधाशोध सुरू झाली की पाहणाऱ्याच्या मनात जे यायचे ते येते.

भेटीची वेळ महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. महिनाअखेर आणि मार्च हे दिवस टाळा, कारण तेव्हा शाखेतील कोणालाही तुमचे पाच कागद शांतपणे वाचायला सवड नसते. दिवाळीचा माल भरायचा असेल तर अर्ज श्रावण लागण्याआधी बँकेत असायला हवा. पहिले पान मोठ्याने वाचून दाखवा, पिग्मीचा उतारा टेबलावर ठेवा आणि मग प्रश्नांची वाट पाहा. व्याजदर किती असेल, प्रक्रिया शुल्क किती आणि मालाचा विमा कोणी उतरवायचा, हे तुम्हीही विचारा. त्यांनी सांगितलेला दर ११ टक्क्यांहून वेगळा असेल तर घरी येऊन परतफेडीचा तक्ता नव्याने करा. अर्जाची तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि नकार मिळालाच, तर त्याचे कारण लेखी मागा. ते कारण हातात आले की मला पुन्हा लिहा, त्यासोबत पहिल्या पानाची प्रत मात्र अवश्य पाठवा.